सफरचंद गालावर, कांदा डोळ्यापाशी

१९६५ साली वॉशिंग्टनमध्ये एक शब्दकोश छापला गेला. त्यात एखादा शब्द शोधायचा, तर ए-बी-सी-डीचा काही उपयोग नव्हता. आधी पाहायचं, हात कुठे आहे : कपाळापाशी, गालापाशी, हनुवटीपाशी, छातीपुढे की दुसऱ्या हातावर. मग पाहायचं, हाताचा आकार काय आहे : मूठ, उघडा तळवा, एकच बोट, वाकवलेलं बोट. आणि शेवटी, तो हात काय करतोय : पुढे जातोय, गोल फिरतोय, पिळल्यासारखा हलतोय की टेकतोय. या तीन पायऱ्या उतरलात की तुम्ही बरोबर त्या खुणेपाशी पोचता. हा अमेरिकन सांकेतिक भाषेचा शब्दकोश होता आणि त्याची ही मांडणीच त्यातला सगळ्यात मोठा दावा होती.

शब्दकोशावर तीन नावं होती. विल्यम स्टोकी हा ऐकू येणारा माणूस, जुन्या इंग्रजी साहित्याचा अभ्यासक. डोरोथी कॅस्टरलाइन ही हवाईची, जपानी वंशाची. कार्ल क्रोनबर्ग मूळचा स्वीडनचा. हे दोघंही कर्णबधिर होते. तिघंही गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. हे कॉलेज १८६४ पासून कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी चालत आलेलं. स्टोकी १९५५ साली तिथे इंग्रजी विभागाचा प्रमुख म्हणून आला, तेव्हा त्याला खुणा येत नव्हत्या. थोडंफार शिकून तो वर्गात उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण इंग्रजी वाक्यातल्या एकेका शब्दासाठी एकेक खूण करतोय, पण मुलं आपापसात बोलतात ते काहीतरी वेगळंच आहे. त्या बोलण्याला स्वतःची शिस्त होती आणि ती इंग्रजीची नव्हती.

तेव्हा असं म्हणणं धाडसाचं होतं. सर्वमान्य समज असा होता, की खुणा म्हणजे हातवारे. ज्यांना बोलता येत नाही, त्यांनी हवेत काढलेली चित्रं. किंवा फार तर मोडकंतोडकं इंग्रजी, हातांनी केलेलं. स्टोकीचं पहिलं लेखन १९६० मध्ये आलं, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची चेष्टा केली आणि त्यात कर्णबधिर सहकारीही होते. यात मला तरी नवल वाटत नाही. ज्या बोलीला शाळेत आयुष्यभर 'अशुद्ध' म्हटलं गेलं, ती व्याकरणाच्या पुस्तकात बसते यावर ती बोलणाऱ्यांचाच सगळ्यात उशिरा विश्वास बसतो. आपल्याकडे बोलींच्या बाबतीत हेच होत आलंय.

पण स्टोकीचा मुद्दा नेमका काय होता? तो समजायला एक छोटासा प्रयोग करा. उजव्या हाताची तर्जनी हुकासारखी वाकवा. तिचं पेर गालावर टेकवा आणि मनगट किल्ली फिरवल्यासारखं हलवा. अमेरिकन सांकेतिक भाषेत याचा अर्थ सफरचंद. आता तोच हात, तसाच वाकवलेला, तसाच फिरवत डोळ्याच्या कडेपाशी न्या. झाला कांदा. आकार तोच, हालचाल तीच, बदलली फक्त जागा. आणखी एक घ्या. ताठ तर्जनी आडवी ओढत नेता नेता वाकवायची. कपाळावरून नेली तर उन्हाळा, नाकाखालून नेली तर कुरूप, हनुवटीवरून नेली तर कोरडं.

मराठीत 'पाट', 'भाट' आणि 'वाट' यांत काय फरक आहे? पहिला आवाज. नुसत्या 'प'ला काही अर्थ नाही, 'व'लाही नाही. पण त्यांची अदलाबदल केली की शब्द बदलतो. अर्थ नसलेल्या मूठभर तुकड्यांतून अर्थ असलेले हजारो शब्द बनवणं, ही बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेची खासियत मानली जायची. स्टोकीने दाखवलं, की कपाळ, नाक आणि हनुवटी अमेरिकन सांकेतिक भाषेत 'प', 'भ', 'व'चं काम करतात. हनुवटीचा 'कोरडं'शी काही संबंध नाही. ती फक्त एक जागा आहे, उरलेल्या जागांहून वेगळी. त्याने सगळ्या खुणा फोडून पाहिल्या, तेव्हा त्याला १२ जागा, हाताचे १९ आकार आणि २४ हालचाली सापडल्या. एकूण ५५ तुकडे. आपल्या वर्णमालेपेक्षा फार मोठा आकडा नाही हा.

हातवाऱ्यांना असं फोडता येत नाही. मी तुम्हाला लांबून 'चहा घेणार का?' असं हाताने विचारलं, तर कप मी दोन बोटांनी धरल्याचा आव आणू शकतो, नाहीतर अख्ख्या मुठीने. कप तोंडाशी नेला काय, हनुवटीशी थांबवला काय, तुम्हाला कळतंच. त्यात चूक करायला जागाच नाही. आणि जिथे चूक करता येत नाही, तिथे व्याकरणही नसतं. सफरचंदाची खूण मात्र चार सेंटिमीटर वर सरकली, की कांदा होते.

कुणी म्हणेल, कांदा डोळ्यापाशी आहे कारण तो चिरताना डोळ्यांत पाणी येतं, मग चित्रच नाही का ते? असेलही. बऱ्याच खुणांत असा चित्राचा अंश असतो. पण झाडाची खूण बघा. अमेरिकेत कोपर दुसऱ्या हाताच्या पाठीवर ठेवून हात उभा धरतात आणि पसरलेली बोटं हलवतात. हात म्हणजे खोड, बोटं म्हणजे फांद्या, खालचा हात जमीन. डेन्मार्कमध्ये दोन्ही हातांनी आधी वरच्या पसाऱ्याची गोलाई आणि मग खाली खोडाची रेघ हवेत काढतात. चीनमध्ये दोन्ही हातांनी खोड कवेत घेतल्यासारखं करून हात वर नेतात. तिन्ही खुणा झाडासारख्या दिसतात, पण एकमेकींसारख्या दिसत नाहीत. नुसती खूण पाहून ती कशाची, हे आधी न सांगता ओळखायला लावलं, तर परक्या माणसाला सहसा येत नाही. अर्थ सांगितल्यावर मात्र 'हो की, झाडच आहे' असं वाटतं.

मुळात बोलणाऱ्यांच्या डोक्यात ते चित्र असतं का? हा प्रश्न सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये उर्सुला बेलुजी आणि एडवर्ड क्लिमा यांनी विचारला. त्यांनी कर्णबधिर लोकांना खुणांच्या याद्या दाखवल्या आणि लगेच आठवून सांगायला लावल्या. यादी लांब झाली की माणूस चुकतो आणि मजा चुकांतच असते. खुणा डोक्यात चित्रं म्हणून साठवल्या असत्या, तर सफरचंदाऐवजी संत्रं किंवा पेरू आठवला असता, म्हणजे अर्थाने जवळचं काहीतरी. तसं झालं नाही. 'मतदान'च्या जागी लोकांना 'चहा' आठवला. मतदान आणि चहा यांचा अर्थाने काही संबंध नाही, पण अमेरिकन सांकेतिक भाषेत या दोन खुणा जवळजवळ सारख्या आहेत आणि फरक फक्त हालचालीचा आहे. ऐकू येणाऱ्या माणसाला 'वाट'च्या जागी 'पाट' आठवावा, तशी ही चूक. म्हणजे डोक्यातही खुणा तुकड्या-तुकड्यांनीच ठेवलेल्या होत्या.

याच गटाने पुढे मेंदूला इजा झालेल्या कर्णबधिर माणसांचा अभ्यास केला. डाव्या बाजूला इजा झाली, की खुणा करताना अडखळायला होतं किंवा समोरच्याच्या खुणा कळेनाशा होतात. ऐकू येणाऱ्यांची वाचा जाते ती बहुधा याच बाजूच्या इजेने. उजव्या बाजूला इजा झालेल्यांना साधं चित्र धड काढता येईना, पण त्यांच्या खुणा शाबूत होत्या. १९९२ साली नोंदवलेल्या एका रुग्णाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्याला खुणा जमेनाशा झाल्या होत्या, पण नकला जमत होत्या. एखाद्या वस्तूची खूण आठवत नसे, तेव्हा तो ती वस्तू कशी वापरतात याचा अभिनय करून दाखवायचा. हात तेच, हवा तीच, पण भाषा गेली आणि हातवारे राहिले. दोन्ही एकच असते, तर ती एकत्रच गेली असती.

इथे माझ्या जमातीबद्दल थोडं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक बॅचमध्ये एक तरी ग्रुप 'साइन लँग्वेज ग्लोव्ह' करतो. हातमोज्याला फ्लेक्स सेन्सर, खाली अर्डुइनो, समोर एलसीडी. मुलगा बोटांनी ए, बी, सी दाखवतो, स्क्रीनवर ए, बी, सी उमटतं, परीक्षक खूश. अमेरिकेतही २०१६ साली दोन विद्यार्थ्यांना अशाच मोज्यांसाठी मोठं बक्षीस मिळालं होतं. कर्णबधिर लोक यावर वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे. बोटांची ए-बी-सी-डी म्हणजे भाषा नव्हे. ती नावं, पत्ते, परके शब्द यांसाठी वापरतात. आणि व्याकरणाचा मोठा भाग हातात नसून चेहऱ्यावर असतो. अमेरिकन सांकेतिक भाषेत भुवया वर गेल्या, की साधं विधान 'हो की नाही?' असा प्रश्न बनतं. 'काय', 'कुठे', 'का' असे प्रश्न विचारताना भुवया खाली येतात. 'उशीर' या खुणेबरोबर जीभ किंचित बाहेर काढून नकाराची मान हलवली, की अर्थ होतो 'अजून नाही'. मोज्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी 'गाडीला उशीर झालाय' आणि 'गाडी अजून आली नाही' हे एकच.

आता त्या शब्दकोशाच्या शेवटाकडे जाऊ. मागे काही परिशिष्टं होती आणि त्यांतली दोन क्रोनबर्गने लिहिली होती. एक कर्णबधिर लोकांच्या समाजाबद्दल आणि दुसरं बोलींबद्दल. त्याने नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि वर उत्तरेकडची मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट अशी राज्यं निवडून, एकाच इंग्रजी शब्दासाठी तिथले लोक कोणती खूण करतात हे विचारलं होतं. खुणा राज्यागणिक बदलत होत्या. पण नॉर्थ कॅरोलिनात त्याला याहून मोठी गोष्ट दिसली. एकाच शहरात राहणारी एक तरुण कृष्णवर्णीय बाई आणि तिथले गोरे लोक यांच्या खुणांत प्रचंड फरक होता.

असं का व्हावं? कारण सांकेतिक भाषा सहसा आईकडून येत नाही. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात आणि त्यांना खुणा येत नसतात. मूल भाषा शिकतं ते निवासी शाळेत, तेही बहुतेक वेळा वर्गात नव्हे. ते शिकतं वसतिगृहात, जेवणाच्या टेबलावर, दिवे गेल्यावर, मोठ्या मुलांकडून. त्यामुळे या भाषांचा नकाशा गावांचा किंवा जातींचा नसतो, तो शाळांचा असतो. अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. नॉर्थ कॅरोलिनात रॅलीमध्ये १८६९ साली कृष्णवर्णीय कर्णबधिर मुलांची वेगळी शाळा निघाली. दोन शाळा, दोन वसतिगृहं, म्हणून दोन बोली.

कॅरोलिन मॅकॅस्किल ही अलाबामातली. १९६८ साली, पंधराव्या वर्षी, तिची कृष्णवर्णीय मुलांची शाळा सुटून ती गोऱ्यांच्या शाळेत गेली आणि तिथल्या शिक्षकांच्या खुणा तिला कळेनात. ऐकू न येणाऱ्या मुलीला खुणांची शाळा परकी वाटली. पुढे ती गॅलॉडेटमध्ये प्राध्यापक झाली आणि २०११ साली तिने सहकाऱ्यांसोबत या बोलीवर पुस्तक काढलं. त्यातली एक गोष्ट चटका लावणारी आहे. १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने ठरवलं होतं, की कर्णबधिर मुलांना खुणांनी नव्हे, ओठ वाचून आणि तोंडाने बोलायलाच शिकवायचं. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर श्रीमंत शाळांनी वर्गातून खुणा हाकलल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांवर मात्र ही नवी पद्धत राबवण्याइतका खर्च करायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे तिथे खुणा वर्गातही चालू राहिल्या. म्हणून त्या बोलीत जुनी रूपं टिकली : जिथे इतर लोक आता एका हाताने खूण करतात तिथे दोन हात, जिथे इतरांची खूण घसरून खाली आली तिथे अजून कपाळ. दुर्लक्षामुळे जपली गेलेली भाषा.

देशादेशांतल्या फरकाचं मूळही असंच शाळेत सापडतं. ब्रिटन आणि अमेरिका दोघांची इंग्रजी एक, पण लंडनच्या कर्णबधिर माणसाला न्यूयॉर्कच्या माणसाच्या खुणा कळत नाहीत. याचं कारण एका फसलेल्या वाटाघाटीत आहे. १८१५ साली थॉमस गॅलॉडेट हा तरुण अमेरिकन, कर्णबधिर मुलांना कसं शिकवायचं हे शिकायला ब्रिटनला गेला. तिथल्या शाळा ब्रेडवुड घराण्याच्या ताब्यात होत्या आणि त्यांची पद्धत हे धंद्याचं गुपित होतं. त्यांच्या अटी त्याला पटल्या नाहीत. लंडनमध्येच त्याची पॅरिसच्या शाळेच्या प्रमुखांशी गाठ पडली आणि तो फ्रान्सला गेला. तिथला कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर त्याच्यासोबत अमेरिकेला यायला तयार झाला. १८१७ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्डला शाळा उघडली. क्लेरच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी आपापल्या घरून-गावाहून आणलेल्या खुणा यांच्या मिश्रणातून अमेरिकन सांकेतिक भाषा घडली. जेम्स वुडवर्ड या भाषाशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये तुलना केली, तेव्हा दीडशेहून अधिक वर्षांनंतरही अमेरिकन आणि फ्रेंच खुणांपैकी सुमारे ५८ टक्के एकाच मुळातल्या निघाल्या. ब्रेडवुड जरा उदार असते, तर हे सगळं उलटं झालं असतं.

हाच वुडवर्ड त्याच सुमाराला भारताच्या खुणांवरही काम करत होता. त्याच्यासोबत होते मदन वशिष्ठ, हिमाचलमधले, लहानपणी ऐकू येणं गेलेले आणि पुढे गॅलॉडेटला शिकायला गेलेले. त्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर या चार शहरांतून खुणा गोळा केल्या. भारताची सांकेतिक भाषा अशी काही गोष्ट आहे, हेच तेव्हा बहुतेक शिक्षकांना मान्य नव्हतं. मुलं हातवारे करतात, इतकंच त्यांचं म्हणणं. अभ्यासात दिसलं, की चार शहरांच्या खुणांत फरक आहेत, पण सुमारे तीन चतुर्थांश खुणा एकमेकींशी नातं सांगतात आणि त्या ब्रिटनकडून आलेल्या नाहीत. ब्रिटनकडून आली ती दोन हातांनी करायची बोटांची ए-बी-सी-डी. डाव्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ए, ई, आय, ओ, यू. सरकारी इमारतीवर जुनी इंग्रजी पाटी राहावी, तशी ती राहिली. आतला कारभार इथलाच.

आणि तो कारभार मराठी-हिंदीचाही नाही. मराठीत आपण विचारतो, 'तू कुठे चाललास?' भारतीय सांकेतिक भाषेत 'तू जाणे' आधी येतं आणि प्रश्नाची खूण अगदी शेवटी. शिवाय प्रश्नाची एकच सर्वसाधारण खूण बरंच काम भागवते : तिच्याआधी 'चेहरा' आला की 'कोण', 'जागा' आली की 'कुठे', 'वेळ' आली की 'केव्हा'. घरी मराठी बोलणाऱ्या आणि घरी गुजराती बोलणाऱ्या कुटुंबांतली दोन मुलं मुंबईत एकाच शाळेत गेली, की एकाच पद्धतीने प्रश्न विचारतात. जर्मन भाषाशास्त्रज्ञ उल्रिके झेशान हिने कराची आणि दिल्ली इथल्या खुणांची तुलना केली, तेव्हा दोन्हीकडचं व्याकरण तिला एकच सापडलं. हिंदी-उर्दूवरून इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन देशांत एक भाषा फाळणीकडे लक्ष न देता चालू आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण करायचं असं म्हटलंय. पाठ्यपुस्तकं आणि दुभाषी यांच्यासाठी कुठली तरी एक खूण धरावी लागते, हे खरं. पण कुठली? दिल्लीच्या शाळेतली, म्हणून तीच? ब्रिटनमध्ये निवासी शाळा बंद होत गेल्यावर काय झालं, ते तिथल्या संशोधकांनी मोजलंय. त्यांनी आठ शहरांतल्या २४९ लोकांची चित्रफीत घेतली. अंक आणि रंग यांच्या प्रत्येक भागातल्या वेगळ्या खुणा म्हाताऱ्यांच्या हातांत होत्या, तरुणांकडे त्या कमी झाल्या होत्या. तिथे कुणी प्रमाणीकरणाचा आदेश काढला नव्हता, वसतिगृहं गेली एवढंच.

दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या सरकारी केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० वर नेला. प्रांताप्रांतांतल्या वेगळ्या खुणाही त्यात घेतल्या आहेत, ही चांगली गोष्ट. त्याचं ॲपही आहे. त्यात हिंदी किंवा इंग्रजी शब्द टाकला, की खुणेचा व्हिडिओ दिसतो. म्हणजे शब्द माहीत असेल तर खूण मिळते. पण कोल्हापूरच्या एखाद्या मुलाने समोर खूण केली, तुम्हाला ती माहीत नाही आणि तिचा अर्थ हवाय, तर शोधपेटीत काय टाइप करणार? त्यासाठी लागणारी अनुक्रमणिका म्हणजे हात कुठे आहे, आकार काय आहे आणि तो काय करतोय, आणि ती साठ वर्षांपूर्वी कागदावर करून झालेली आहे.